बायकोआधीचा ‘आ’

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या कम्युनिटी कॉलेजात मी संध्याकाळी स्पॅनिश शिकायचो. “मी अमक्याला पाहिलं” म्हणताना ओळखीच्या माणसाआधी ‘आ’ हा छोटा स्पॅनिश शब्द हवाच, घराआधी लावला तर चूक. कुत्र्यावर जीव असेल तर लावा, नाहीतर राहू द्या, असं बाईंनी सांगितलं.

“हा तर आमचा मराठी ‘ला’!” मी शेखी मिरवली.

शेजारच्या सत्तरीच्या अमेरिकन गृहस्थांनी हात वर केला. त्यांना “मी बायकोला स्वप्नात पाहतो” लिहायचं होतं.

“ती तीन वर्षांपूर्वी गेली. तरी ‘आ’ लावायचा?”

“लावायचाच,” बाई म्हणाल्या.

गेलेल्या माणसाचाही ‘ला’ सुटत नाही, हे जन्मभर ‘ला’ वापरूनही मला कधी सुचलं नव्हतं. मी थक्क झालो. त्या गृहस्थांनी पेन्सिलीनं ‘आ’ सावकाश लिहिला, मग बायको.