टाचेपासून कमरेपर्यंत

आमच्या विभागप्रमुखांचं आणि माझं पहिल्या दिवसापासून वाकडं होतं. मी पुण्याहून अ‍ॅनाटॉमीची एमडी करून आपल्याच जिल्ह्यात परत आले, परळीची पोर म्हणून मेडिकल कॉलेजात कौतुक होईल असं मला वाटलं होतं. कसचं काय! सरांनी अर्ज वाचून माझ्याकडे न बघताच विचारलं, पुण्यात जागा नव्हती का. तिथून जे सुरू झालं ते शेवटपर्यंत.

गावात तेव्हा एसटीडीची पिवळी खोकी लागली होती, घरोघर केबल आली होती, पण आमच्या विभागात सरांनी त्यांच्या विद्यार्थीदशेत पाठ केलेलीच आकृती फळ्यावर निघायची. चेतापेशी म्हणजे एक गोळा आणि त्याला एक लांब शेपूट. त्या शेपटाच्या, म्हणजे अ‍ॅक्सॉनच्या आत काय चालतं, ते कुणी विचारायचं नाही. मी विचारलं. पहिल्या वर्षाला एक तास त्यावर घेते म्हटलं, आतला माल वाहणाऱ्या कायनेसिन आणि डायनीन या प्रथिनांवर. सर टेबलावरची कवटी पुसत होते. म्हणाले, "कावून? हे पोरं उद्या पीएचसीत विंचू चावलेला माणूस बघणार हायेत. तुमचं कायनेसिन कुणाला लागतंय?"

वर हुकूम, की तो तास घ्यायचा नाही. असा संताप आला होता, की घरी जाऊन मी आईवरच ओरडले. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर थर्मल वीजकेंद्राची राख बसलेली, ती झटकत आई म्हणाली, त्याच्या अंगावर जा, माझ्या कशाला येतीस.

त्याच महिन्यात सरांना कुत्रं चावलं. मेसच्या दारात पडून असायचं ते, तांबूस, गरीब कुत्रं. दोन दिवसांपासून उगाच कुणाच्याही अंगावर जात होतं आणि तोंडातून लाळ गाळत होतं. त्यानं सरांची टाच फोडली. सरांनी नळाखाली साबणानं पाय धुतला, तेवढं मात्र बरोबर केलं. नियम साधा आहे. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची, ते जगलं तर चिंता नाही.

पण कुत्रं उरलंच नाही. आमच्या डिसेक्शन हॉलचे शिपाई मामा, घाटनांदूरचे, सरांवर जीव टाकणारा माणूस. साहेबाला चावलं म्हणजे काय! दुपारीच त्यांनी ते काठीनं मारलं, जबड्याला धरून फरफटत नेलं आणि मागच्या ओढ्यात टाकून दिलं. सर खूश होतील म्हणून. सरांनी उलट त्यांनाच शिव्या दिल्या. कुत्रं मेलं म्हणजे आता इंजेक्शनं घ्यायला हवीत की नकोत, हे सांगणारं कुणीच शिल्लक राहिलं नाही. ज्याला डोकं आहे त्यानं अशा वेळी घ्यायचीच.

सर घेईनात. तेव्हा सरकारी दवाखान्यात मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस असायची, पोटात टोचायची. ती घेऊन पाय लुळे पडलेला एक माणूस सरांनी तरुणपणी पाहिला होता. ती भीती खोटी नव्हती, असं क्वचित व्हायचं. पण कुत्र्याचं विष चढलं म्हणजे मरण, त्यात क्वचित वगैरे काही नाही. मी केबिनमध्ये जाऊन हेच सांगितलं. सर म्हणाले, पंधरवडा झाला, काही झालेलं न्हाई, तुमी तुमचं काम बघा. त्या क्षणी मला वाटलं, मर मेल्या. अगदी हेच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी तो बंदी घातलेला तास घेतला. घ्यायचाच होता. कुणीतरी चुगली केली असणार, कारण अर्ध्यात सर मागच्या दारानं आत आले आणि शेवटच्या बाकाशी हाताची घडी घालून उभे राहिले. टाचेला अजून पट्टी होती. मामा फळा पुसायचं फडकं घेऊन दाराशी थांबले होते. मी थांबले नाही.

मी फळ्यावर माणूस काढला. कण्यात कमरेच्या थोडं वर पेशी, आणि तिथून टाचेपर्यंत एकच अ‍ॅक्सॉन, एवढ्या लांबीची एकच पेशी. पोरांना सांगितलं, माल बहुतेक वर, पेशीच्या गोळ्यात तयार होतो. टोकापर्यंत नुसता तरंगत जायचा म्हटलं तर जन्म पुरणार नाही. म्हणून आत सूक्ष्मनलिका अंथरलेल्या असतात, मायक्रोट्यूब्यूल. नलिका एकामागे एक, आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, धन टोक टाचेकडे आणि ऋण टोक पेशीकडे. कायनेसिन हा हमाल. पातळ पडद्याच्या बारक्या पिशव्या, म्हणजे व्हेसिकल, उचलायच्या आणि नलिकेवर पाऊल पाऊल टाकत धन टोकाकडे, खाली न्यायच्या. एका पावलाला एक एटीपी, म्हणजे पेशीच्या इंधनाचा एक रेणू, जळतो. मीटरभर अंतर तो माल दोन-चार दिवसांत कापतो.

"खाली गेलेलं वर येतं का?" असं मीच विचारलं. येतं. ते डायनीनचं काम. तो त्याच नलिकांवर उलटा, ऋण टोकाकडे चालतो. जुना झालेला माल मोडीत काढायला परत आणतो, टोकाकडच्या खबरा पेशीपर्यंत पोचवतो. हा परतीचा रस्ता नसेल तर पेशीला आपल्या पायाचं काय चाललंय ते कळणारच नाही.

मग मी सरांकडे बघून म्हटलं, "आणि टाचेत एखादा परका शिरला, तर तोही हाच परतीचा रस्ता धरतो. रेबीजचा विषाणू आधी मांसात दबून बसतो, कधी आठवडे, कधी महिने. तोवर लस त्याला गाठू शकते. एकदा का तो चेतातंतूत शिरून वरच्या वाटेला लागला, की काही दिवसांचा खेळ. मग सुई पोटात टोचा नाहीतर कुठंही, उपयोग नाही."

पोरांना कुत्र्याचं ठाऊक होतं, सगळ्यांच्या माना मागे वळल्या. सरांचं तोंड लाल झालेलं. मला आत कुठंतरी बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, आता घाबरला.

सर पुढे आले. फळ्यावरच्या टाचेपर्यंत बोट नेलं आणि काढून घेतलं.

"टाचेचं कळलं. हातापासून किती वेळ?"

मला कळेना हात कुठून आला. म्हटलं, हाताचा अ‍ॅक्सॉन आखूड, कणा जवळ, लवकर पोचेल. सरांनी पुढचं ऐकलंच नाही. ते दाराकडे वळून गरजले, "इकडं ये बे. हात दाखव."

मामांनी फडकं खाली ठेवलं आणि दोन्ही हात पुढे केले. वर्षानुवर्षं प्रेतं टिकवायच्या फॉर्मॅलिनमध्ये बुडून बोटांना चिरा पडलेल्या, काही ओल्या, लाल. मी ते हात रोज बघत होते. त्याच हातांनी कुत्र्याचा जबडा धरला होता, लाळेसकट. मामा म्हणत राहिले, मला चावलं न्हाई साहेब, मला कुठं चावलंय. सरांनी त्यांचं मनगट धरलं आणि भर तासातून ओढत बाहेर नेलं.

मी मागून धावत गेले. इंजेक्शनच्या खोलीत बाजूबाजूला दोन टेबलं. एकावर मामा, सदरा वर केलेला, डोळे घट्ट मिटलेले. दुसऱ्यावर सर, पोट उघडं टाकून, घामानं डबडबलेले. नर्स रिवाजाप्रमाणे आधी साहेबांकडे वळली.

"त्याला आधी," सर म्हणाले. "त्याचा रस्ता आखूड हाय."

दोघेही जगले. माझ्या गोपनीय अहवालात त्या वर्षी सरांच्या हातचा शेरा आला, अभ्यासक्रमाबाहेरचं शिकवतात, वरिष्ठांचं ऐकत नाहीत. बढती अडली. ते रिटायर होईस्तोवर मी त्यांच्याशी सरळ बोलले नाही, त्यांनीही नाही. पण त्या दिवशी सुई आत जाताना त्यांनी दारात मला पाहिलं होतं, दात आवळून.

"काय बघताय बाई," ते म्हणाले. "तास कोण पुरा करणार?"