आधी म्हशीची चौकशी

आमची कंपनी म्हशीची धार काढायचं मशीन विकते. मशीन अडलं की लोक आमच्या मदतकक्षाला फोन करतात, मराठीत किंवा इंग्रजीत. फोनवर काय बोलायचं आणि वेबसाइटवरच्या नेहमीच्या प्रश्नांना काय उत्तरं द्यायची, ते सगळं आधी इंग्रजीत तयार होतं आणि मी ते मराठीत आणते. दोन्हीकडे सूर सारखा आणि नम्र हवा, असा साहेबांचा हुकूम. साहेब पुण्याचे. एका रकान्यात इंग्रजी, शेजारी मराठी, असं ठेवून ते ओळीला ओळ जुळवत.

नेहमीच्या प्रश्नांचं आमचं लवकर जमलं. ‘करावे, तपासावे’ हे सरकारी नोटिशीसारखं वाटतं म्हणून मी ‘करा, तपासा’ केलं. वाक्यागणिक ‘कृपया’ होतं, तेही उडवलं. ‘तुम्ही’ ठरलं आणि सगळीकडे तेच ठेवलं. भांडण लागलं ते फोनच्या संवादावरून, आणि त्यात सापडली माझ्या शेजारी बसणारी सहकारी.

ही शाहूवाडीकडची. आवाज असा की फोन नसता तरी गावापर्यंत पोचला असता. इंग्रजी फोन लेखी संवादाप्रमाणे घ्यायची आणि साहेबांच्या तपासणीत चांगले गुण मिळवायची. मराठी फोन आला की मात्र संवाद बाजूला. “पावणं, आधी सांगा, म्हस शांत हाय न्हवं?” इथून सुरुवात. संवादातली पहिली, दिलगिरीची ओळ गाळली म्हणून गुण कापले जायचे, आणि ‘पावणं’साठी वेगळे. ती अजून कायम झाली नव्हती. पुढच्या तपासणीतही असंच झालं तर घरी जावं लागेल, असं साहेबांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं.

“मग म्हण की ती ओळ,” मी जेवताना म्हटलं.

“म्हणून बघितली,” ती भाकरी मोडत म्हणाली. “माणूस आणखी भडकतो.”

मला ते खरं वाटेना. माझी ओळ चांगली होती, मी तिच्यावर दोन दिवस घालवले होते! म्हणून मी जुन्या फोनांची ध्वनिमुद्रणं ऐकायला बसले. एका मुलीनं अगदी कागदाबरहुकूम सुरुवात केली होती: “तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.” पलीकडचा गडी ओरडला, “अवो ताई, म्हस दावणीला हुबी हाय, धार अर्धीच काढल्या, आन तुम्ही माफी कसली मागतायसा? मशीनचं बोला की!” तिनं संवादाप्रमाणे पुन्हा दिलगिरी व्यक्त केली. त्यानं फोन आपटला.

मग माझ्या सहकारिणीच्या फोनचं ध्वनिमुद्रण लावलं. तक्रार तीच. म्हैस शांत आहे ना, हे विचारल्यावर गडी लगेच निवळला. “व्हय, वैरण खातीया.” तिनं त्याला सडांना लावलेले मशीनचे कप काढून उरलेली धार हातानं काढायला सांगितली, म्हणजे कास तटून राहायची नाही. मग नळी कुठं हवा सोडते का ते तपासायला लावलं. रबर चिरलेलं निघालं. “उद्या रबर मिळेल. खोळंबा झाला तुमचा, माफ करा,” ती शेवटी म्हणाली. “त्यात काय हो!” गडी हसला.

म्हणजे दिलगिरी होती, फक्त जागा वेगळी होती. मला माझ्या ओळीचा राग आला आणि हसूही आलं. मी तक्त्यात तिसरा रकाना घातला: ही ओळ कशासाठी? इंग्रजीतल्या पहिल्या दिलगिरीपुढे लिहिलं, ‘आपलं ऐकलं जातंय हे समोरच्याला कळावं.’ मराठीत त्याच कामाला म्हशीची चौकशी लावली आणि माफी उपायानंतर नेली.

तपासणीच्या दिवशी साहेबांना दोन्ही ध्वनिमुद्रणं ऐकवली. फोन आपटल्याचा आवाज आला तसे ते दचकले. तिसरा रकाना दोनदा वाचून म्हणाले, “पण मग सूर सारखा राहिला का?”

“काम सारखं राहिलं,” मी म्हटलं. “सूर त्यातूनच येतो.”

“मग इंग्रजीतही जनावराची चौकशी घाला. ‘पावणं’ मात्र लेखी संवादात नको.”

“बोलताना?”

“बोलताना राहू दे.” मग तिचे कापलेले गुण त्यांनी माझ्यासमोर भरून दिले आणि तिला आत बोलावून ती कायम झाल्याचं सांगितलं.

“व्हय?” ती इतक्या मोठ्यानं ओरडली की मला रडूच फुटलं, आनंदाचं. बाहेर एक मुलगी फोनवर होती. पलीकडच्या गृहस्थांनी विचारलं, काय झालं म्हणून. आता यावर कागदात उत्तर कुठलं? तिनं खरं ते सांगून टाकलं, “आमच्या ताई नोकरीत कायम झाल्या.”

“लई भारी! पेढं द्या म्हणावं,” ते म्हणाले. “आन आता आमच्या मशीनचं बघा.”