उरलेल्या पाच कपाटांचा करार

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी कोणापाशीही दर सांगितला नव्हता. पाठशाळेत आम्हांस शिकविले गेले होते की विद्येचे मोल विद्वानाने बोलू नये. देणारा जे देईल ते मस्तकी लावावे. या शिकवणीविषयी माझा आदर आजही उणावलेला नाही. परंतु तिचा अर्थ मी चुकीच्या जागी लावला आणि त्यापायी नाशिक सोडण्याची पाळी माझ्यावर येऊन ठेपली होती, ती हकीकत सांगावीशी वाटते.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षे. मी जेथे शिकवीत असे त्या पाठशाळेचा आश्रय आटला व ती बंद पडली. त्या सुमारास शहरातील एका जुन्या देवस्थानाने आपल्या पोथीशाळेकडे लक्ष वळविले. सहा सागवानी कपाटे हस्तलिखितांनी भरलेली. आत काय आहे हे कोणासच ठाऊक नव्हते. विश्वस्तांनी मला बोलावून सांगितले की, "एक कपाट लावून दाखवा. तीन महिने आणि पंचाहत्तर रुपये. काम पसंत पडले तर पुढचे पाहू."

ते तीन महिने मी एका व्रतासारखे पाळले. पहाटे गोदेचे स्नान, संध्या, आणि उजाडता उजाडता पोथीशाळा. एकेक पोथी सोडावी, मऊ कुंचल्याने धूळ काढावी, मागेपुढे झालेली पाने अंकांप्रमाणे लावावीत, ग्रंथनाम, कर्ता, पत्रसंख्या, दर पानाच्या ओळी, पूर्ण की अपूर्ण, लेखनाचा शक, आरंभ व शेवट एवढे यादीत उतरावे, आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून पोथी खारव्याच्या तांबड्या जाड फडक्यात पुन्हा बांधावी. कपाटात दोनशे दहा पोथ्या निघाल्या. शेवटच्या आठवड्यात पुण्याहून एक विद्वान गृहस्थ एका दुर्मीळ टीकेच्या शोधात आले. पूर्वी त्यांना दोनदा रिकाम्या हाती परतावे लागले होते. मी यादी उघडली, कपाटाच्या तिसऱ्या फळीवर हात घातला आणि पोथी त्यांच्यासमोर ठेवली. ते पोथीला नमस्कार करून म्हणाले, "ही इथे आहे, हे कळायला मला अकरा वर्षे लागली."

विश्वस्तांनी काम पसंत केले आणि पुढील कामासाठी लेखी प्रस्ताव मागितला. मी तो मोठ्या निगुतीने लिहिला. आरंभी मंगलाचरण, मग ग्रंथरक्षणाचे पुण्य, आणि अखेरीस 'उरलेल्या पाच कपाटांची सेवा घडावी, उचित ती दक्षिणा मान्य असेल' असे विनयपूर्वक निवेदन.

चौथ्या दिवशी विश्वस्तांपैकी जे वकील होते त्यांनी मला त्यांच्या बैठकीत बोलावले. माझा कागद त्यांच्या हातात होता.

"शास्त्रीबुवा, हा अर्ज आहे की आशीर्वाद?"

मी गोंधळलो. "काही न्यून राहिले का?"

"सगळे आहे, एक सोडून. किती दिवस, किती रुपये, कशाचे किती, हे कुठे आहे? आमच्या देवस्थानाला जिल्हा न्यायालयाने कारभाराची योजना घालून दिली आहे. दर वर्षी हिशेब तपासनिसापुढे ठेवावा लागतो. 'उचित ती' हा आकडा मी कोणत्या रकान्यात मांडू?"

"मी आपल्या तोंडून ऐकेन ते मान्य करीन."

"तीच तर अडचण! मी आकडा घातला तर म्हणतील वकिलाने आपल्या ओळखीच्या ब्राह्मणाला दिले. आकडा तुमचा हवा आणि तो आम्हांस तपासता यायला हवा. येत्या एकादशीनंतर सभा आहे. तोवर कागद आला नाही तर विषय पुढच्या वर्षावर जाईल."

पुढचे वर्ष माझ्यापाशी नव्हते. इंदुरास माझे एक मावसबंधू होते. तेथील शाळेत संस्कृत शिक्षकाची जागा त्यांनी माझ्यासाठी धरून ठेवली होती आणि पत्र पाठवून महिनाअखेरपर्यंत उत्तर मागितले होते. ती जागा घेणे म्हणजे गोदातीर सोडणे. नर्मदा, क्षिप्रा यांविषयी मला पूज्यभाव आहे. पण ज्या पाण्यात वडिलांचे बोट धरून पहिले अर्घ्य दिले ते पाणी माणसाला दुसरीकडे मिळत नाही. ते पत्र देवघरातल्या फडताळात होते आणि रोज पूजेला बसताना त्यावर दृष्टी जाई.

दोन दिवस मी कागदापुढे नुसता बसलो. तिसऱ्या दिवशी आमची मंडळी मला भांडीबाजारात घेऊन गेली. घरातले जुने तांब्याचे घंगाळ मोडीत देऊन नवे करून घ्यायचे होते. तांबट घंगाळ उलटे धरून सांगू लागला:

"हे बघा बाई, तांब्याचा दर वजनावर. घडणावळ निराळी, कल्हई निराळी. आणि ही तुमची कळशी सांधायची म्हणता, तर आतून किती उसवलीय ते मळ काढून बघितल्याशिवाय नाही सांगणार. पण खर्च अमक्या रुपयांवर जाऊ देणार नाही. गेलं, तर आधी विचारीन."

येताना ही म्हणाली, "अहो, या माणसाने माझ्याकडे काही मागितले असे तुम्हांला वाटले का?"

"नाही. त्याने समजावून सांगितले."

"मग तुम्हीही तेवढेच करायचे आहे. मागायचे कुठे आहे? आणि तीन महिने कामाची टिपणे ठेवलीत ती काय ग्रहणात दान सोडायला?"

ते खरे होते. कोणत्या पोथीस किती वेळ लागला हे मी सवयीने यादीच्या समासात टिपून ठेवले होते. त्याच रात्री मी ती टिपणे मांडली. पोथी चार पानांचे स्तोत्र असो की चारशे पानांचा धर्मग्रंथ, नोंद करण्याचे श्रम जवळपास सारखेच. वाढतात ते पाने लावण्याचे. म्हणून पोथीस चार आणे आणि दर शंभर पानांस चार आणे असे दोन दर धरून मी पहिल्या कपाटाला लावून पाहिले. दोनशे दहा पोथ्यांचे साडेबावन्न रुपये, चौऱ्याऐंशी शेकडा पानांचे एकवीस, एकूण साडेत्र्याहत्तर. विश्वस्तांनी दिले होते पंचाहत्तर. मला एखादे अवघड सूत्र उलगडल्यासारखा आनंद झाला.

सभा पोथीशाळेतच भरली. पाच विश्वस्त होते. त्यांतले बोलणारे दोन, वकील आणि सराफकट्ट्यावरचे एक वृद्ध शेटजी. मी कागद वाचण्यास आरंभ करणार तोच शेटजींनी हात वर केला.

"शास्त्रीबुवा, कशाला एवढं? एका कपाटाला पंचाहत्तर, पाचाला पावणेचारशे. पंधरा महिने. हिशेब सोपा. मंजूर म्हणा, आणि प्रसाद वाटा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. वकिलांनी लेखणी शाईत बुडवली. पावणेचारशे रुपये आणि नाशिक, दोन्ही माझ्यापासून एका होकाराच्या अंतरावर होते. मला मोह झाला हे मी लपवीत नाही.

परंतु नमुन्यासाठी दिलेले कपाट दाराजवळचे, कोरडे होते. मागच्या भिंतीशी असलेल्या तीन कपाटांना पावसाळ्यात ओल लागते, हे मी पाहिले होते. मी उठलो, त्यांतल्या एकातून एक गठ्ठा काढला आणि शेटजींपुढे सोडला. पाने एकमेकांस चिकटून त्यांची वीट झाली होती.

"पहिल्या कपाटात असे काही नव्हते," मी म्हणालो. "ही पाने कोरडी ओढली तर अक्षरे सोबत निघतात. दमट फडक्यात ठेवून बांबूच्या पातळ काडीने एकेक सोडवावे लागते. दिवसाकाठी वीस झाली तरी पुष्कळ. पाचपट रकमेत हे बसवायचे तर एक तर मला घाई करावी लागेल, नाही तर हे गठ्ठे तसेच बांधून ठेवावे लागतील. दोन्ही पाप आहे."

शेटजींनी गठ्ठा उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे तुम्ही खराब माल आधीच दाखवताय? आमच्या कट्ट्यावर असं कोणी करत नाही हो!"

"म्हणून तर शेटजी, तुमच्याकडे सोन्याला कसोटी लागते," वकील म्हणाले. हशा पिकला. मग ते माझ्याकडे वळले. "वाचा आता तुमचा कागद."

मी वाचला. मुदत दोन वर्षे. पोथीस चार आणे, दर शंभर पानांस चार आणे. चिकटलेले पान सोडविण्याचे पानास तीन पैसे, निराळे. खारवा, पाला व कागद देवस्थानाचा. दर तिमाहीस यादी तपासून मगच रक्कम द्यावी. यादी देवस्थानाच्या मालकीची. कोणत्याही पक्षास काम थांबवावयाचे तर दोन महिने आधी लेखी कळवावे. खाली पहिल्या कपाटाचा पडताळा जोडला होता. वकिलांनी तो स्वतः मांडून पाहिला आणि "बरोबर" म्हटले.

शेटजींनी मात्र बोट ठेवले. "ते तीन पैसे. पानं किती निघतील, कोणाला ठाऊक? उघडं खातं मी मंजूर करणार नाही."

त्या क्षणी मला तो तांबट आठवला. "त्यास मर्यादा घाला," मी म्हणालो. "तिमाहीस पंधरा रुपये. रुपयाचे चौसष्ट पैसे, म्हणजे तीनशे वीस पाने. त्यापुढे जाण्याची वेळ आली तर आधी विचारीन. आपण नको म्हणालात तर गठ्ठा सुखरूप बांधून ठेवीन आणि तशी नोंद करीन."

शेटजींनी डोळे मिटले. ओठ हलत होते. जप चालला होता की गुणाकार, हे मला सांगता येणार नाही. मग ते म्हणाले, "लिहा. आणि बुवा, पुढच्या वेळी आमच्या पेढीवर एकदा या. तुम्हांला दर कोणी शिकवला ते विचारायचंय."

"भांडीबाजारातला एक आचार्य आहे," मी म्हणालो.

आठ दिवसांनी मुद्रांकाच्या कागदावर सह्या झाल्या. माझ्या सहीवरची शाई वकिलांनी स्वतः टिपली.

घरी येऊन करार देवापुढे ठेवला. ही म्हणाली, "आता इंदूरचे काय?" मी फडताळातून पत्र काढले आणि लगेच उत्तर लिहावयास बसलो. मावसबंधूंचे उपकार मानले, जागा दुसऱ्या योग्य गृहस्थास द्यावी अशी विनंती केली. हे पत्र लिहिण्यास मला मंगलाचरणही सुचले नाही, इतका मी मोकळा झालो होतो. पत्र टपालात टाकून तसाच घाटावर गेलो. ती स्नानाची वेळ नव्हती. पायरीवर बसून पाण्यात नुसते पाय सोडले आणि बराच वेळ तेथेच राहिलो, कारण आता कोठेही जावयाचे नव्हते.