बबिताची 'सरे'

घाटंजीजवळच्या तांड्यावरून तेलंगणातल्या करीमनगरला जाताना बबिता राठोडला एका गोष्टीची मुळीच धास्ती नव्हती. भाषेची. घरात बंजाऱ्यांची गोरबोली, घाटंजीच्या बाजारात वऱ्हाडी, टीव्हीवरची हिंदी. तीन तर आधीच येत होत्या.

"चौथी बी येईन," ती सुनीलला म्हणाली. "कायले घाबरू?"

सुनील, तिचा नवरा, करीमनगरच्या ग्रॅनाइट कारखान्यात दगड घासायच्या मशिनीवर होता. दोन वर्षं तो तिकडे आणि ती इकडे, असं चाललं होतं. आता सरोजम्मा नावाच्या बाईच्या शिलाई दुकानात बबिताला जागा मिळत होती. सरोजम्माने साफ सांगितलं होतं, एक महिना बघेन, मग ठरवेन. तोवर दोघांसाठी महिन्यापुरती एक भाड्याची खोली. ठरलं तर ती कायम. नाही ठरलं, तर सुनील पुन्हा आठजणांच्या खोलीत आणि बबिता तांड्यावर.

निघताना तिच्या मैत्रिणीने, निकिताने, तेलुगू शिकवणारं पुस्तक हातात दिलं. त्यातलं पहिलंच वाक्य होतं, 'मी रोज सकाळी बागेत फिरायला जातो.' करीमनगरला पोचल्यावर बबिताने ते पुस्तक दुकानातल्या शिलाई मशिनीच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवलं. तिथे ते फार उपयोगी पडलं.

शिलाईत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. अडचण एकच. सरोजम्माला मोडकी हिंदी येई, गिऱ्हाइकांना तीही नाही. आसपासच्या खेड्यांतल्या बाया यायच्या, पिशवीतून कापड काढायच्या आणि भडाभडा बोलायच्या. बबिताने पहिल्याच दिवशी एक शब्द उचलला. 'सरे.' म्हणजे बरं, ठीक. बाई बोलायची, बबिता मान हलवून म्हणायची, "सरे, अम्मा, सरे." बाया खूश. सरोजम्मा खूश. बबिताही खूश.

तांड्यावर तिला लहानपणापासून हेच वळण होतं. मोठं माणूस बोलतंय तर हो म्हणायचं. 'समजलं नाही' म्हणणं म्हणजे त्याचा शब्द खाली पाडणं.

दुसऱ्या आठवड्यात एक म्हातारी आली. ताठ कण्याची, करड्या आवाजाची. नातीच्या साखरपुड्यासाठी हिरव्या रेशमाचं ब्लाउजपीस घेऊन. ती बराच वेळ बोलली. बोट नाचवून बोलली. बबिता प्रत्येक थांब्याला "सरे" म्हणाली आणि मग नेहमीसारखा जरीचा काठ बाह्यांना लावून टाकला.

म्हातारीने ब्लाउज उलगडलं आणि दुकानभर आवाज घुमला. तिने सांगितलं होतं, काठ बाह्यांना नको, पाठीला लाव. काठ कापून गेला होता. कापलेलं कापड काही पुन्हा जुळत नाही.

ती गेल्यावर सरोजम्मा बबितासमोर स्टूल ओढून बसली. "समझ में नहीं आया तो सरे कायको बोली?"

"लाज आती."

"लाज आती? मेरा ग्राहक जाता, मेरे को लाज नहीं आती? और एक बार ऐसा हुआ तो मत आ."

संध्याकाळी सुनीलने भाकरी तव्यावरून उतरवत विचारलं, "मंग? वापस जाशीन?"

"समजत नाही म्हनाची मले लाज वाटते, सुनील."

"दगड कटिंग करताना मले नाही समजलं तं मी इचारतो. नाही इचारलं तं बोट जाते." त्याने आपली दहाही बोटं तिच्यासमोर नाचवली. "पाह्य, सगळे हायेत."

बबिता हसली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर शेजारीण काही बोलली तेव्हा तिने 'सरे' गिळली. त्या जागी सुनीलने शिकवलेले दोन शब्द काढले. "अर्थम कालेदू." समजलं नाही. कानाच्या पाळ्या तापल्या. शेजारीण हसली, मग नळाकडे आणि हंड्याकडे बोट दाखवत तेच पुन्हा हळू बोलली. पाणी उद्या येणार नाही, भरून ठेव. जग काही बुडालं नाही. उलट दोन हंडे जास्त भरून झाले.

तिथून तिने वही उघडली. मापाच्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर देवनागरीत एकेक वाक्य उतरू लागलं. जे ज्या दिवशी अडलं, ते त्या दिवशी. 'नाकू तेलुगू रादू', मला तेलुगू येत नाही. 'मेल्लगा चेप्पंडी', हळू सांगा. 'मळ्ळी चेप्पंडी', पुन्हा सांगा. 'इक्कडा', इथे. 'वद्दू', नको. 'रेपू', उद्या. बागेत फिरायला जाण्याचं वाक्य अजून तरी कुठे अडलं नव्हतं.

आणि एक रीत तिने स्वतःच बसवली. बाईने सांगितलं की कात्री उचलायची नाही. आधी खडूने तिच्यासमोर कापडावर खूण करायची. "इक्कडा?" बाईने मान डोलावली तर पुढे. "वद्दू?" असं उलटही विचारायचं. मग ब्लाउज न्यायला यायच्या दिवसासाठी कॅलेंडरवर बोट ठेवायचं. सरोजम्मा कुरकुरली, "एक ब्लाउज को इतना टाइम?" पण त्या आठवड्यात एकही ब्लाउज परत आलं नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सरोजम्मा अस्तराचं कापड आणायला बाजारात गेली होती. दारात तीच करडी म्हातारी उभी. हातात जांभळं कापड. बबिताला पाहून तिने पिशवी छातीशी धरली.

बबिता उठून उभी राहिली. "अम्मा, नाकू तेलुगू रादू. मेल्लगा चेप्पंडी."

म्हातारी थबकली. मग बसली. लहान पोराला सांगावं तसं, एकेक शब्द सुटा करून बोलू लागली. बबिताने तीनदा "अर्थम कालेदू" म्हटलं. तिसऱ्यांदा म्हातारीने कपाळावर हात मारला, तरी बोलत राहिली. खडू पाठीवरून फिरला, बाहीवर थांबला, खोडला गेला, पुन्हा फिरला. बाहीचं माप घेताना बबिता सवयीने तोंडातल्या तोंडात मोजू लागली, "...सात, आट, नव, दस."

म्हातारीने तिचं मनगट धरलं. "तारो तांडो कुणसो?"

टेप खाली पडली. तुझा तांडा कुठला? गोरबोली, इथे, या दुकानात! म्हातारीचं नाव सुखीबाई, तांडा करीमनगरपासून तासाभरावर. मग सुखीबाई कडाडली, "मग त्या दिवशी बोलली काहून नाहीस, पोरी? माझ्या नातीचा काठ गेला ना!" हे सगळं गोरबोलीत, इतक्या वेगात की बबिताला डोळ्यांत पाणी आणि हसू एकदमच आलं.

दारात सरोजम्मा येऊन उभी होती. कापडाचा गठ्ठा खाली ठेवायचंही तिला सुचलं नव्हतं.

सुखीबाईने जांभळं कापड पुढे केलं आणि उरलेलं सगळं गोरबोलीत सांगायला लागली. आता सोपं होतं. एक मिनिटाचं काम. बबिताने तिच्या हातावर हात ठेवला.

"याडी," आईला हाक मारावी तसं ती म्हणाली, "तेलुगूतच सांग."

"काहून?"

"यानंतर येणारी बाई आपली नसणार."

सुखीबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. मग खाकरली आणि पुन्हा पहिल्यापासून, तेलुगूत, हळूहळू, गळ्यापासून सुरुवात केली. बबिताने पुन्हा खडू उचलला.

दिवेलागणीला मशिनीवर झाकण घालताना सरोजम्माने काहीतरी म्हटलं. हिंदीत नाही. तेलुगूत, आणि आपल्या नेहमीच्या वेगात.

"अर्थम कालेदू," बबिता म्हणाली. "मळ्ळी चेप्पंडी."

सरोजम्माने हळू सांगितलं. त्यातला 'रेपू' बबिताला कळला. दुकान कळलं. तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. उद्या, दुकान, मी? सरोजम्माने मान डोलावली आणि कमरेची दुकानाची किल्ली काढून पुढे धरली.

तेव्हा कुठे बबिता म्हणाली, "सरे."