पेढी विकल्याची माझी एक ओळ

सत्तरच्या दशकात आमची सोलापुरात टॉवेलांची पेढी होती. पत्र्याच्या शेडमध्ये चोवीस यंत्रमाग. पाच भागीदार होते: थोरले काका, त्यांचे दोन भाऊ, एक चुलतभाऊ आणि मी. मी बी.कॉम. असल्यामुळे पेढीचा सगळा पत्रव्यवहार माझ्याकडे होता. ही पेढीची पहिली चूक. बाकीच्या माझ्या.

थोरल्या काकांना छातीत कळ येऊन गेली आणि कंपनी करायचं त्यांच्या मनानं घेतलं. वकीलसाहेबांनी त्यांना सांगितलं होतं, की एक भागीदार गेला तर पेढी मोडू शकते, आणि पेढी बुडाली तर भागीदारांची राहती घरंही त्यात जातात. काका म्हणाले, "मी गेलो म्हून माग बंद पडाय नकोत. हिचं कंपनीत रूपांतर करू या की."

वकीलसाहेबांनी दोन वाटा सांगितल्या. पहिली म्हणजे नवी कंपनी काढायची आणि पेढीनं तिला सगळं विकायचं. मग जागेचं खरेदीखत, त्यावर मुद्रांक शुल्क, आणि जुना प्रत्येक करार समोरच्याच्या संमतीनं नव्यानं करायचा. दुसरी वाट कंपनी कायद्याच्या नवव्या भागातली. तिच्यात पेढीच स्वतःला कंपनी म्हणून नोंदवून घेते. विकणारा कोणी नाही, घेणारा कोणी नाही. नोंदणी झाली की जागा, माग, येणं-देणं आणि करार कायद्यानंच कंपनीकडे येतात. त्यासाठी मात्र किमान सात जण लागतात आणि भांडवल ठरीव रकमेचं, भागांत, म्हणजे शेअरांत, वाटलेलं असावं लागतं.

आम्ही होतो पाच. मग आई आणि थोरली काकू भागीदार झाल्या. सही करताना आईनं विचारलं, "आता मला शेडमध्ये जाऊन ओरडता येईल का?" वकीलसाहेब म्हणाले, "हक्कानं." नवं भागीदारीपत्र झालं. सातही जणांनी सभा घेऊन संमतीचा ठराव केला. सभासदांची यादी, प्रतिज्ञापत्रं, कंपनीचे उद्देश आणि नियम अशी चळत मुंबईला कंपनी निबंधकांकडे गेली. तिकडून तीनदा शंका आल्या, तीनदा उत्तरं गेली, आणि शेवटी नोंदणीचा दाखला आला. नाव तेच, मागे फक्त 'प्रायव्हेट लिमिटेड'.

वकीलसाहेबांनी बजावलं, "गिऱ्हाइकांना कळवायचा मसुदा मी देतो. तोवर कुणाला काही लिहू नका."

मी चार दिवस थांबलो. माझ्या मानानं ते पुष्कळ होते. पाचव्या दिवशी टायपिंगच्या क्लासातलं नमुना पत्रांचं पुस्तक काढलं. त्यात एक झोकदार पत्र सापडलं, ते मी उतरवलं: 'आमची भागीदारी पेढी बंद झाली असून तिचा संपूर्ण धंदा नव्या कंपनीने विकत घेतला आहे.' सगळ्या गिऱ्हाइकांना रजिस्टर पोस्टानं पाठवलं आणि पोस्टाबाहेर चहा पिऊन आलो.

दहा दिवसांनी पुण्याच्या सरकारी खरेदी कचेरीचं उत्तर आलं. दवाखान्यांना टॉवेल पुरवायचा आमचा दोन वर्षांचा करार त्यांच्याशी होता. चोवीसपैकी सोळा माग त्याच्यावर चालत. पत्र पाच ओळींचं होतं. करार पेढीशी होता आणि पेढी आपण बंद केली असे कळवता. लेखी परवानगीशिवाय करार दुसऱ्याकडे सोपवण्यास अट अकरानुसार मनाई आहे. तरी करार रद्द का करू नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा.

पत्र बनियनच्या आत खोचून मी दोन दिवस वावरलो. शेडमध्ये गेलो की ते सोळा माग आपोआप मोजले जायचे. मुकादम म्हणाला, "काय शेठ, माग चोरीला जातेत काय, रोज मोजताय?" मी हसलो. ते हसू मला स्वतःलाच रडण्यासारखं ऐकू आलं.

तिसऱ्या दिवशी वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी आधी कचेरीचं पत्र वाचलं, मग माझ्या पत्राची प्रत, मग चष्मा काढला.

"विकलं कुणी?"

"कुणीच नाही."

"घेतलं कुणी?"

"कुणीच नाही."

"मग लिहिलंत कशाला?"

"पुस्तकात होतं."

"सात माणसं तीन महिने खपली ते विक्री टाळायला. आणि तुम्ही एका ओळीत विकून मोकळे! उद्या कुणी ही ओळ दाखवून खरेदीखत मागितलं तर काय दाखवाल? आधी काकांना सांगा."

याची मला करार जाण्यापेक्षा जास्त भीती होती. काकांच्या छातीचा विचार करून मी त्यांना बसवून, पाणी देऊन सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पाणी न पिताच पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "सोळा मागावरच्या मानसांना काय सांगायचं, त्याबी पुस्तकात हाय का?"

मग काका आणि मी पुण्याला गेलो. बरोबर दाखल्याची प्रत, भागीदारीपत्र आणि वकीलसाहेबांनी केलेलं प्रतिज्ञापत्र होतं, की कसलीही विक्री झालेली नाही, तेच सात जण त्याच हिश्शांनी सभासद आहेत आणि जुन्या करारांची जबाबदारी कंपनीवर तशीच आहे. वाटेत दौंडला मी चहा विचारला, तर काकांनी एकट्यापुरताच मागवला.

कचेरीतले साहेब सावकाश वाचणारे होते. माझं पत्र त्यांनी बोटानं दाखवलं. "ही सही कुणाची?"

"माझी."

"हे खरं, की प्रतिज्ञापत्र खरं?"

"प्रतिज्ञापत्र. पत्र मी नमुन्यावरून उतरवलं. मला ते... भारदस्त वाटलं."

साहेबांनी काकांकडे पाहिलं. काका हात जोडून म्हणाले, "सायेब, पोरगं शिकलंय, तेवडाच दोष हाय. टॉवेल तेच, माग तेच, आमी तेच."

साहेब हसले नाहीत. पत्र मागे घेतल्याचं माझ्याकडून लिहून घेतलं. "विधी शाखेचं मत मागवतो. तोवर माल पाठवायचा तर तुमच्या जबाबदारीवर."

परत आल्यावर काकांनी माल रोखला, पण माग थांबवले नाहीत. कुणी घेईल की नाही ठाऊक नसताना टॉवेलांचे गठ्ठे छतापर्यंत चढत गेले. त्या काळात बाकी गिऱ्हाइकांना दुरुस्तीची पत्रं मी वकीलसाहेबांच्या मसुद्यावरून अक्षर न बदलता लिहिली. पोस्टमन दिसला की मी शेडमागे जायचो. शेवटी पुण्याच्या कचेरीचं पाकीट आईनं घेतलं, भागीदार असल्याच्या थाटात फोडलं आणि म्हणाली, "वाच. तुझा चेहरा बघून मलाच वाचायची भीती वाटतेय."

'नोंदणीने पेढीचेच कंपनीत रूपांतर झाले असल्याने अट अकराचा भंग होत नाही. करार पूर्वीच्याच अटींवर चालू राहील. पुरवठादाराच्या नावात दुरुस्ती करण्यात येत आहे.' मी खाली बसलो. काकांनी मुकादमाला हाक मारून गठ्ठे ट्रकमध्ये भरायला सांगितलं, बाकी काही नाही.

त्याच आठवड्यात संचालकांची सभा झाली. एकच ठराव: थोरल्या काकांनी वाचून सही केल्याशिवाय कंपनीचं एकही पत्र बाहेर जाणार नाही. मीही संचालक होतो. मीही हात वर केला. ठराव एकमतानं मंजूर झाला आणि इतिवृत्तात तो मलाच लिहायला लागला. काका शेजारी उभे राहून प्रत्येक शब्द वाचत होते.