ओवीची डावी मूठ

बुवापाड्यातली निम्मी पोरं पुतळाबाईंच्या पायांवर न्हाली होती. तीस वर्षांत कोण तेलाला रडतं, कुणाला कढत पाणी सोसत नाही, सगळं त्यांना तोंडपाठ. ओवीलाही पहिला सव्वा महिना त्यांनीच न्हाऊमाखू घातलं होतं. आता दहा महिन्यांची झाली, म्हणून जावळाआधी मालिशला तिच्या आजीनं, रखमाबाईंनी, पुन्हा बोलावलं.

"बघा, बघा!" रखमाबाईंनी नातीपुढे वाटी धरली. ओवीनं उजव्या हातानं ती खेचली. "कायम उजवाच! हिच्या बापाचा, महेशचा, डावा सोडवता सोडवता माझा हात दुखला होता. ही शहाणी आहे."

पुतळाबाई हसल्या. तेलाचा हात ओवीच्या डाव्या दंडावरून खाली आला आणि थांबला. कोपर सहज सरळ होईना. मूठ घट्ट, अंगठा आत. त्यांनी उजवा हात हलकेच धरून डावीकडे खुळखुळा वाजवला. ओवी वळली, कुरकुरली, तोंड पुढे केलं. डावा हात काही उचलला नाही.

पुतळाबाईंनी खुळखुळा खाली ठेवला. बोललं, तर पहिलं बोट आपल्याकडेच येणार. एकदा का 'हिनंच मुरगळला' झालं, की पाड्यात कोण पायावर पोर देणार?

"भाविका, हिला डॉक्टरांकडे ने."

ओवीची आई दचकली. "का, मावशी?"

"डावा हात वापरतच नाही ही."

"उजवी आहे म्हणून डॉक्टर?" रखमाबाई फिस्कारल्या. "लोक हसतील!"

"या वयात पोरं दोन्ही हातांनी ओरबाडतात, वहिनी. डावा-उजवा मागाहून ठरतो."

"मग सव्वा महिना चोळत कोण होतं?"

"मीच. म्हणून मीपण येते. माझ्यासमोर विचारा."

स्टेशनजवळच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी ओवीच्या दोन्ही बाजूंना ठोकळे धरून पाहिले, पायही तपासले. "दीड-दोन वर्षांच्या आत एकाच हाताचा एवढा ओढा दिसला, की आम्ही दुसरा हात तपासतो. दरवेळी काही निघतंच असं नाही. पण हिच्या डाव्या हाता-पायात ताठरपणा आहे. जन्माच्या आधी किंवा आसपास मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली असेल. एमआरआय करू."

"मालिशनं झालं का हो?" रखमाबाईंनी विचारलंच.

"नाही. उलट यांच्यामुळे वेळेवर आलात."

"बरा होईल ना?" भाविकानं ओवीची डावी मूठ हातात घेतली.

"किती सुधारेल, आज नाही सांगता येणार. पण मेंदू अजून शिकतोय. व्यायाम लगेच सुरू करा."

एमआरआयमध्ये तेच निघालं. फिजिओथेरपीच्या ताईंनी खेळ शिकवले: रोज ठरावीक वेळ उजव्या हातावर मऊ मोजा, खेळणं डावीकडे.

दोन महिन्यांनी पुतळाबाईंच्या मांडीवर मोजा घातलेली ओवी चिडून लाल झाली होती. अचानक डावी मूठ किंचित उघडली आणि दोन बोटं पुतळाबाईंच्या काचेच्या बांगडीत अडकली.

"अगं, फुटेल!" भाविका ओरडली.

"फुटू दे!" रखमाबाई धावत आल्या. "ओढ माझे बाय, ओढ! पण डाव्यानंच हं!"