धोंडीबाईचे बांध आणि गावची विहीर

किन्हवलीच्या अलीकडच्या एका पाड्यावर धोंडीबाई एकटी राहायची. विहिरीच्या वरच्या उतारावर तिची भाताची तीन खाचरं होती. खेकडे धरायला कुणी बांध उकरला, की ती ढेकूळ फेकायची. नेम चुकायचा, पण शिव्या बरोबर बसायच्या.

एका वर्षी ती पाय मोडून पडली आणि म्हसा गावात राहणारा तिचा भाऊ देवजी तिला आपल्या घरी घेऊन गेला. त्या पावसाळ्यात गावाने अत्यंत शांततेत खेकडे खाल्ले.

शिमग्याला ती परतली, तर विहीर कोरडी. एरवी वैशाखापर्यंत पाणी असायचं. सावळाराम पाटलांनी विहीर आणखी खणायला लावली. खाली काळा पाषाण लागला. पहारी वाकल्या, पाणी मात्र आलं नाही. बायांना नदीवर जावं लागलं. मोडक्या पायाच्या धोंडीबाईला ते कुठलं जमायला!

तिला पाहायला आलेला देवजी म्हणाला, "पुढल्या उन्हाळ्यात बी हीर आटली, तर कायमची नेनार तुला."

"तुज्या बायकोच्या हाताखाली? नाय रे बाबा!"

मग ती शेजारच्या विठूला आणि आणखी चार जणांना घेऊन खाचरांकडे गेली. बांध फुटून ओघळ पडले होते.

"इठू, माजे बांध कुठं गेले?"

"खेकड्यांनी पोखरले गो, आये."

"नि खेकडे कुनी खाल्ले?"

विठू ओढ्याकडे पाहू लागला. इतर खाणारेही दूर कुठेतरी पाहू लागले. दुसऱ्या दिवसापासून सगळे माती-दगड वाहत होते आणि धोंडीबाई बांधावर बसून प्रत्येकाचं कौतुक, म्हणजे तिच्या पद्धतीने, करत होती. तिला भात हवा होता. विहिरीचा विचार कुणाच्याच डोक्यात नव्हता.

त्या पावसाळ्यात खाचरं भरून राहिली. पुढचा चैत्र सरला, तरी विहिरीत पाणी होतं. पोहरा पडला म्हणून विठू आत उतरला आणि तिथूनच ओरडला, "आये, तुज्या खाचराकडच्या भेगेतून पानी येतंय!"

मुलांनो, त्यात चमत्कार नव्हता. आपल्याकडे पाऊस धो धो पडतो आणि उतारावरून तितक्याच घाईने ओढ्याला जाऊन मिळतो. जमिनीला मात्र पाणी सावकाश प्यावं लागतं. बांधाने अडवलेलं पाणी आधी मातीत, मग मुरुमात झिरपतं, तिथून खडकाच्या भेगांत शिरतं आणि महिनोन्महिने हळूहळू सरकत विहिरीच्या झऱ्यांना येऊन मिळतं. विहीर कितीही खोल खणा. वर पाणी मुरलं नाही, तर खाली झरणार काय? भेग नसलेला पाषाण तर पाणी देतही नाही.

गाव खेकड्यांसाठी ओढ्यावर जाऊ लागलं. धोंडीबाईच्या शिव्यांना आता पाटलांचाही पाठिंबा होता.

वैशाखात देवजी बैलगाडी घेऊन आला. धोंडीबाईने विहिरीतून पाणी शेंदलं आणि बैलांपुढे ठेवलं. बैल पोटभर प्याले. देवजीने विहिरीत डोकावून पाहिलं.

"मंग, येत नाय?"

"भात घेऊन जा. वैनीला सांग, बरी हाय मी."

पोतं गाडीत घालून देवजी एकटाच म्हशाला परतला.